कव्हरवर थांबतात, दुसऱ्या स्लाइडवरून परत फिरतात. काय चुकतंय?

काटोल_नाका
नमस्कार मंडळी. आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. बाग सासरे आणि दीर बघतात. मी नागपुरात राहून घरपोच पेट्यांचं काम बघते आणि इन्स्टाग्रामचं पानही मीच चालवते. सध्या आंबिया बहाराचा माल सुरू आहे आणि गिऱ्हाइकांचा रोजचा एकच प्रश्न असतो, "ताई, हिरवट कशाला पाठवली?" म्हणून त्यावर सात स्लाइडची पोस्ट केली.

कव्हरवर हातात धरलेल्या हिरवट संत्र्याचा फोटो आहे. त्यावर लिहिलंय: "हिरवट संत्रं दिसलं की परत ठेवता? थांबा."

दुसरी स्लाइड अशी: "नमस्कार! आम्ही काटोलचे संत्रा उत्पादक. नागपूर संत्रानगरी म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आज आपण जाणून घेऊया हिरवट संत्र्याबद्दल." खाली आमचा लोगो.

तिसरीवर साल हिरवी का राहते ते, चौथीवर आंबिया आणि मृग बहार, पाचवीवर चांगलं फळ कसं निवडायचं, सहावीवर घरी कसं ठेवायचं. सातवीवर लिहिलं होतं, "पेटी हवी असेल तर कमेंटमध्ये 'बाग' लिहा."

लाइक बरे आले, पण 'बाग' कोणीच लिहिलं नाही. मग भाचीच्या हातात फोन दिला आणि काही न बोलता बघत बसले. कव्हरवर ती थांबली, मोठ्याने वाचलं, एकदा सरकवलं, दोन सेकंद पाहिलं आणि थेट खालच्या पोस्टवर गेली. "काय झालं गं?" विचारलं तर म्हणाली, "जाहिरात आहे ना मामी."

म्हणजे कव्हर चाललं आणि दुसऱ्या स्लाइडवर माणूस गेला. ही दुसरी स्लाइड लिहायची कशी, ते कोणी सांगेल का?

तर्री_झणझणीत
ताई, पोस्ट एकदम मस्त आहे. स्लाइड वाढवा बाप्पा. आता वीस टाकता येतात, आधी दहाच होत्या. जास्त माहिती दिली की लोक जास्त वेळ थांबतात.

काटोल_नाका
भाऊ, दुसरीवरूनच परत जात आहेत. वीस केल्या तरी बाकीच्या अठरा कोण बघणार?

बर्डीकर
ताई, भाचीने खरं कारण सांगितलंय, तेच धरून बोलू.

मी बरीच वर्षं एका दैनिकात पानं लावायचो. आता छोट्या दुकानदारांना अशा पोस्ट करून देतो. पहिल्या पानावरची बातमी अर्धी तोडून "पान ५ वर" लिहायचो तेव्हा एक गोष्ट पक्की शिकलो. पान उलटून आलेल्या वाचकाची नजर सगळ्यात आधी हे शोधते की मी बरोबर जागी आलो का. पाचव्या पानावरच्या तुकड्याच्या मथळ्यात पहिल्या पानाचा शब्द दिसला नाही, तर तो बातमी शोधत बसत नाही. तो त्या पानावरचं दुसरं काहीतरी वाचतो.

तुमच्या कव्हरवर "हिरवट संत्रं परत ठेवता?" वाचल्यावर माणूस मनात काय म्हणतो? इथल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, "हो, ठेवतो. आंबट असते ना." त्याने बोट सरकवलं ते या वाक्याला उत्तर मिळेल म्हणून. आणि त्याला मिळालं काय, तर "नमस्कार! आम्ही काटोलचे..." त्याने विचारलं एक आणि तुम्ही सांगितलं दुसरंच. भौगोलिक मानांकन खरं आहे, अभिमानाचंही आहे, पण त्या क्षणी ते त्याने मागितलेलं नाही.

म्हणून मी काम असं करतो. कव्हर तयार झालं की एका कागदावर, वाचक ते वाचून मनात काय बोलेल ते त्याच्याच भाषेत लिहितो. "आंबट असते ना" असंच, 'असते'सकट. दुसऱ्या स्लाइडचं पहिलं वाक्य त्या ओळीला उत्तर म्हणून लिहितो. मग दोन्ही ओळी एकापाठोपाठ मोठ्याने वाचतो. दोन माणसं बोलताहेत असं वाटलं तर ठेवतो. एक बोलतोय आणि दुसरा भाषण देतोय असं वाटलं तर खोडतो.

धंतोली_डिझाइन
बर्डीकर काका, थोडा मतभेद. दुसऱ्या स्लाइडवर उत्तर द्यायचंच नसतं. उत्तर दिलं की माणूस गेला. दुसरी स्लाइड म्हणजे दुसरं कव्हर. मोठा टाइप, एकच ओळ, उत्सुकता आणखी ताणायची. यामागे कारणही आहे. एखाद्याने पोस्ट पाहिली पण सरकवली नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट त्याला नंतर पुन्हा दाखवू शकतं, आणि तेव्हा समोर दुसरी स्लाइड येते. हे ॲडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलंय आणि ते इन्स्टाग्रामचे प्रमुख आहेत. म्हणजे त्या माणसासाठी दुसरी स्लाइड हेच कव्हर.

बर्डीकर
पुन्हा दाखवण्याचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण त्यातून "दुसरं कव्हर करा" एवढंच निघत नाही. दुसऱ्या स्लाइडवर दोन वेगवेगळी माणसं येतात. एक कव्हर वाचून, बोट सरकवून आलेला असतो. दुसऱ्यासमोर कव्हर नसतंच. त्याने ते काल पाहून सोडून दिलेलं असतं आणि बहुतेक विसरलेलाही असतो. पहिल्याला उत्तर हवंय, दुसऱ्याला विषय कळायला हवाय.

फक्त दुसऱ्यासाठी लिहिलं, म्हणजे पुन्हा एक उत्सुकतेची ओळ टाकली, तर पहिला चिडतो. त्याने एकदा बोट सरकवून दाम मोजलेलं आहे आणि तुम्ही त्याच्याकडे पुन्हा मागताय. फक्त पहिल्यासाठी लिहिलं तर स्लाइड अशी सुरू होते: "नाही! त्याचं कारण वेगळंच आहे." कव्हर न पाहिलेल्याला यातलं काही कळत नाही. कशाचं नाही, कोणाचं कारण?

ताई, तुम्ही एक प्रयत्न इथेच लिहून टाका. मग त्यावर बोलू.

सक्करदरा_सर
उत्तम चर्चा. मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या अनुभवाने दुसऱ्या स्लाइडवर अनुक्रमणिका द्यावी, म्हणजे आज कोणते पाच मुद्दे पाहणार आहोत ते. विद्यार्थ्यांना दिशा मिळते. प्रोजेक्टरवर अक्षरं किमान २८ ठेवावीत.

काटोल_नाका
सर, मी फोनवरच्या पोस्टबद्दल विचारत होते, वर्गातल्या सादरीकरणाबद्दल नाही. तरी अनुक्रमणिकेचा विचार माझ्याही मनात आला होता.

बर्डीकर
सर, वर्गात मुलं उठून जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे अनुक्रमणिका चालते. फोनवर तिने उलटं होतं. "आज पाहू: १) रंग २) बहार ३) निवड ४) साठवण" असं दिसलं की वाचकाला पुढचं सगळं वाचल्यासारखं वाटतं आणि हाती काहीच आलेलं नसतं.

काटोल_नाका
काका, हा पहिला प्रयत्न:

"हिरवं संत्रंही गोड असू शकतं! पण कसं? जाणून घ्या पुढच्या स्लाइडवर 👉"

आणि हा दुसरा. तो लिहायला मी काल रात्रभर वाचत होते:

"साल हिरवी दिसते ती त्यातल्या हरितद्रव्यामुळे. तापमान कमी झाल्यावर हरितद्रव्य मोडतं आणि त्याखालचे केशरी रंगाचे घटक दिसू लागतात. नागपूर भागात आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतं. त्यामुळे सुरुवातीच्या मालाला रंग कमी असतो."

धंतोली_डिझाइन
पहिला छान आहे. बाण ठेवा.

बर्डीकर
मला पहिला रिकामा वाटतो. कव्हरने जे सूचित केलं होतं तेच पुन्हा सांगितलंय, आणि "असू शकतं" म्हणून तेही सैल केलंय. बोट सरकवल्यावर हातात एकही नवी गोष्ट आली नाही. अशा जागी बाण टाकला की मला तो विनवणीसारखा वाटतो.

दुसऱ्यात माल खरा आहे, पण तो चार स्लाइडचा माल एका जागी आहे. नागपूरच्या माणसाला 'हरितद्रव्य' दिसलं की शाळेचं पुस्तक आठवतं. त्यातलं एकच वाक्य उचला, ज्याने त्याची समजूत उलटते: फळ आतून पिकलेलं असतं, पण सालीला रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. ऑक्टोबरमध्ये नागपुरात गारवा कुठे असतो? इथल्या माणसाने ऑक्टोबरचं ऊन सोसलेलं असतं, त्याला हे लगेच पटतं.

आता धंतोलीकरांचा प्रश्न. उत्तर दिलं तर तो पुढे कशाला जाईल? जाईल, कारण या उत्तराने त्याची अडचण वाढते. आजवर तो रंग बघून संत्री घेत होता. रंगावर भरवसा नाही म्हटल्यावर, उद्या ठेल्यासमोर उभा राहून तो बघणार काय? हा प्रश्न तुम्ही लिहायचीही गरज नाही, तो त्याचा त्यालाच पडतो. तुमच्याकडे पाचव्या स्लाइडवर निवडीचं लिहिलेलं आहेच. ते उचलून तिसरीवर आणा.

कळमेश्वरचा_शेतकरी
थांबा जरा. मी तीस वर्षं संत्रा पिकवून राहिलो. तुमी लोकं लिहून राहिले की हिरवं म्हणजे गोड. असं लिहू नका. बाजारात भाव दिसला की लोकं सप्टेंबरातच कच्चा माल तोडतात. तो हिरवाही असते अन् आंबटही असते. उद्या कोणी ताईची पोस्ट वाचून असा माल घेईन अन् ताईलाच शिव्या देईन. अन् उलटं बी आहे. पूर्ण केशरी, दिसायला मोठ्ठं, पण साल सुटलेली अन् आत पोकळ. झाडावर जास्त दिवस राहिलं की असं होते. त्यात रस नसते. रंगाचा काही नेम नाही, हेच खरं. हातात घेऊन वजन पाहा. एकाच आकाराची दोन घ्या, जड लागते त्यात रस.

काटोल_नाका
काका, तुमचं अगदी पटलं. सासरेही हेच म्हणतात. मग कव्हरही थोडं खोटं होतंय का? "परत ठेवता? थांबा" म्हणजे सगळीच हिरवी घ्या, असा अर्थ निघतो.

बर्डीकर
कळमेश्वरच्या दादांनी सगळ्यात कामाचं सांगितलं. दुसरी स्लाइड लिहायला बसलं की कव्हर खरं आहे का ते कळतं. कव्हरने मारलेली उडी दुसऱ्या स्लाइडला झेपत नसेल तर ती "असू शकतं", "काही वेळा" असं लिहायला लागते. तुमच्या पहिल्या प्रयत्नात नेमकं तेच झालं होतं. अशा वेळी दुसरी सैल करायची नाही, कव्हर खाली आणायचं.

माझा प्रस्ताव:

कव्हर: "संत्र्याचा रंग बघून घेता?"

दुसरी: "संत्र्याचा रंग गोडी सांगत नाही. सालीला रंग चढतो रात्रीच्या गारव्याने. ऑक्टोबरमध्ये गारवा नसतो, म्हणून पिकलेलं फळही हिरवट दिसतं."
खाली थोड्या मोठ्या अक्षरात: "रंग सोडा, वजन बघा."

तिसरी: तराजूवर सारख्या आकाराची दोन संत्री, एक केशरी पण हलकं, एक हिरवट पण जड. त्यावर फक्त त्यांची वजनं. ही तुम्ही स्वतः मोजून टाका, अंदाजाने नको.

आता कव्हर न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्याने ही दुसरी स्लाइड वाचा. "संत्र्याचा रंग" हे शब्द पहिल्याच ओळीत आहेत, त्याला काहीच मागचं लागत नाही. मी जाणूनबुजून "तो" किंवा "त्याचा" वापरलेलं नाही. दुसऱ्या स्लाइडचं पहिलं वाक्य "हे", "ते", "म्हणूनच", "त्यामुळे" अशा शब्दांनी सुरू झालं की ते कव्हरला लटकतं. या एका गोष्टीसाठी मी प्रत्येक दुसरी स्लाइड वेगळ्या फोटोसारखी सेव्ह करून, कव्हर न पाहिलेल्या कोणाला तरी पाठवतो आणि विचारतो, कशाबद्दल आहे सांग.

फुटाळा_फोटो
याच कारणासाठी आणखी एक सांगतो. हल्ली कव्हरवरून दुसऱ्या स्लाइडवर चित्र सलग नेण्याची पद्धत आहे. अर्धं संत्रं इकडे, अर्धं तिकडे, म्हणजे बोट आपोआप सरकतं. सरकतं हे खरं आहे, मीही करतो. पण पोस्ट पुन्हा दुसऱ्या स्लाइडवरून दाखवली गेली की तिथे डाव्या कडेला नुसतं कापलेलं अर्धं संत्रं दिसतं आणि चूक झाल्यासारखी वाटते. मी आता सलग चित्र ठेवतो, पण जोडावर मुख्य वस्तू येऊ देत नाही. जोडावर फक्त फांदी किंवा टेबलाची कड जाऊ देतो.

धंतोली_डिझाइन
हे मला नवीन आहे, पटलं. अर्धा चेहरा कापून गेलेली माझी एक पोस्ट आठवली.

काका, तुमचा मसुदा चांगला आहे, पण मला तो अजूनही लांब वाटतो. तीन वाक्यं आणि वर एक ओळ. मी दुसऱ्या स्लाइडवर बारा शब्दांच्या वर जात नाही.

बर्डीकर
शब्दांचा आकडा मी पाळत नाही, अक्षरांचा आकार पाळतो. १०८० बाय १३५० च्या चौकटीत मजकूर ४८ च्या खाली न्यायचा नाही आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडायची, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. या आकारात जेवढं मावेल तेवढं लिहायचं. ताईंचा दुसरा प्रयत्न या आकारात मावत नाही आणि माझा मावतो.

बारा शब्दांचा नियम कव्हरला लावा. दुसऱ्या स्लाइडवर माणूस वाचायच्या तयारीत आलेला असतो. तिथे त्याला खूपच कमी दिलं तर तो फक्त बोटाने पळत जातो आणि चौथीपर्यंत कंटाळतो. यावर माझ्याकडे आकडे नाहीत, समोर बसून बघितलेल्या माणसांवरून सांगतोय.

महाल_जुनं_नागपूर
थोडं माझंही विचारतो. मी जुन्या नागपूरवर लिहितो. मारबतीवर पोस्ट केली होती. कव्हर: "काळी मारबत कोणावरचा राग होती?" दुसऱ्या स्लाइडवर लिहिलं, "मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळला जाणारा पुतळा." इतवारीतल्या मित्राने फोन करून सांगितलं, "हे आम्हाला सांगतोस?" आणि पुण्याच्या मावशीने विचारलं, "अरे, मारबत म्हणजे काय?" ती दुसरीपर्यंत पोचलीच नव्हती. आता लिहू कोणासाठी?

बर्डीकर
व्याख्येला स्वतःचं वाक्य देऊ नका, तिला उत्तराच्या वाक्यात बसवा. उदाहरणार्थ: "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत मिरवत नेऊन जाळतात. लोक तिचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या रागातून भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतात." मावशीला मारबत म्हणजे काय तेही कळलं आणि इतवारीच्या मित्राला पहिल्या वाक्यानंतर लगेच नाव मिळालं. "लोक जोडतात" हे मात्र ठेवा, कारण ती सांगोवांगीची गोष्ट आहे.

महाल_जुनं_नागपूर
पण मग नाव दुसऱ्याच स्लाइडवर फुटलं. माझ्या पोस्टमध्ये तेच रहस्य होतं.

बर्डीकर
नागपूरच्या अर्ध्या लोकांना ते नाव आधीच माहीत आहे, त्यांच्यासाठी ते रहस्य नाही. त्यांना माहीत नसलेलं तुमच्याकडे काय आहे?

महाल_जुनं_नागपूर
पिवळी मारबत आणि काळी मारबत वेगळ्या लोकांनी, वेगळ्या वर्षी का सुरू केली, ते. आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या हाकेत दरवर्षी नवी नावं कशी येतात, ते.

बर्डीकर
मग पोस्ट तिथे सुरू होते. नाव दुसऱ्या स्लाइडवर देऊन टाका.

महाल_जुनं_नागपूर
विचार करतो. इतिहासाच्या गोष्टीत शेवटपर्यंत काही राखून ठेवायची सवय आहे, ती मला पूर्ण चूक वाटत नाही. जो वाचक दर आठवड्याला येतो तो माझ्यावर विश्वास ठेवून थांबतो. नवा थांबत नाही, हे मान्य.

सावजी_मसाला_घरगुती
मी सावजी मसाला विकते. माझा प्रश्न सोपा आहे. दुसऱ्या स्लाइडवर भाव लिहू का? शेवटी लिहिला की लोक कमेंटमध्ये "प्राइस?" विचारतात, म्हणजे शेवटपर्यंत जातच नाहीत.

धंतोली_डिझाइन
कधीच नको. भाव दिसला की माणूस गेला.

तर्री_झणझणीत
मी तर भाव नाही दिसला की जातो. लपवून ठेवला म्हणजे महाग असेल असं वाटते.

बर्डीकर
हे कव्हरवर अवलंबून आहे. कव्हरवर फक्त पाकिटाचा फोटो आणि नाव असेल, तर वाचकाच्या मनातला पहिला प्रश्न भावाचाच असतो. मग दुसऱ्या स्लाइडवर भाव हेच उत्तर झालं. कव्हरवर "घरच्या सावजीला ढाब्याची चव का येत नाही?" असं असेल आणि दुसरीवर भाव आला, तर काटोलच्या ताईंचं झालं तेच होईल. मात्र भाव लिहिल्याने शेवटी विक्री वाढते की कमी होते, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांचे अनुभव नेमके उलटे आहेत.

काटोल_नाका
मंडळी, एक अडचण. जुनी पोस्ट आता बदलता येईल का? बऱ्याच लोकांनी ती सेव्ह केलीय, उडवावीशी वाटत नाही.

फुटाळा_फोटो
टाकलेल्या पोस्टमध्ये चित्र बदलून दुसरं घालता येत नाही, पण एखादी स्लाइड काढता येते. पोस्टवरचे तीन ठिपके, मग एडिट, नको असलेल्या स्लाइडवर जाऊन वरचा कचऱ्याच्या डब्याचा आयकॉन. काढलेली स्लाइड काही दिवस 'रिसेंटली डिलीटेड' मध्ये राहते, मन बदललं तर परत आणता येते. तुमची "नमस्कार" वाली काढा. सालीच्या कारणाची तिसरी स्लाइड आपोआप दुसरी होईल.

बर्डीकर
हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे. काढण्याआधी एवढं बघा की तिसरी स्लाइड कव्हरला लागून वाचता येते का.

काटोल_नाका
तिसरीचं पहिलं वाक्य आहे, "याचं मुख्य कारण म्हणजे तापमान." काका, 'याचं'! तुम्ही म्हणालात ते आता दिसायला लागलं. पण कव्हरवरून थेट आलेल्याला ते चालेल, फक्त पुन्हा दाखवलेल्याला कळणार नाही. जुन्या पोस्टला एवढं चालवून घेते आणि स्लाइड काढते. नवी पोस्ट शनिवारी टाकते.

सक्करदरा_सर
मी माझं मत बदललं असं नाही, पण एक विचारतो. परिचय कुठेच द्यायचा नाही का? विकणारा कोण आहे हे कळल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवत नाही.

बर्डीकर
सर, हा प्रश्न योग्य आहे. परिचय लागतोच, पण तो मी पुरावा म्हणून देतो. ताईंच्या तराजूच्या फोटोमागे त्यांची बाग दिसली आणि एका ओळीत "कालची तोडणी, काटोल" असं लिहिलं की विकणारा कोण ते कळलं. ती स्लाइड तिसरी. वाचक तिथे पोचला म्हणजे त्याला रस आहे, मग नाव लक्षात राहतं.

कळमेश्वरचा_शेतकरी
तराजूचा फोटो काढाल तर ताई, संत्री एकाच झाडाची नका घेऊ. हलकं अन् जड दोन बागांतून मिळन.

*(रविवार)*

काटोल_नाका
काल संध्याकाळी टाकली. कव्हर आणि दुसरी काकांच्या मसुद्याप्रमाणेच, फक्त "रंग चढतो" ऐवजी सासऱ्यांचा शब्द घेतला, "रंग धरतो". तराजूवर केशरी निघालं १२८ ग्रॅम आणि हिरवट १६१. आकार दोन्हींचा सारखाच होता, मी दोऱ्याने मोजला. 'बाग' आता सहाव्या स्लाइडवर आहे.

सकाळपर्यंत अकरा जणांनी 'बाग' लिहिलं. पण त्यातले चार ओळखीचे आहेत, ते मी धरत नाही. आणि जुन्या पोस्टच्या वेळी दिवाळी होती, तेव्हा लोक फोनवर कमी होते, त्यामुळे तुलना पूर्ण बरोबर नाही, हेही मला माहीत आहे.

भाचीला पुन्हा फोन दिला. दुसऱ्या स्लाइडवर थांबली, वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन टोपलीतली दोन संत्री हातात घेऊन आली. तिसरी स्लाइड तिने त्यानंतर पाहिली.

धंतोली_डिझाइन
अभिनंदन ताई. मला एक बघायचंय. हीच पोस्ट जाहिरात म्हणून चालवणार असाल तर ॲड्स मॅनेजरमध्ये नवी कॅरोसेल बनवताना चांगली चालणारी कार्डं आधी दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. माझ्या एका कामात तो चालू राहिला आणि तिसरं कार्ड पहिलं झालं, गोष्ट उलटी फिरली. तिथे प्रत्येक कार्डावर किती क्लिक आले तेही वेगळं बघता येतं. तो आकडा आला की इथे टाका. दुसऱ्या कार्डावर उत्तर द्यावं की राखावं, यावर माझं अजून पूर्ण पटलेलं नाही.

काटोल_नाका
पुढच्या आठवड्यात हजार रुपयांची चालवून बघते. दोन करते, एकीत काकांची दुसरी स्लाइड, एकीत तुमची एका ओळीची. बाकी सगळं सारखं ठेवते. तुमची ओळ लिहून द्या.

धंतोली_डिझाइन
"तुम्ही चुकीचं संत्रं निवडताय."

कळमेश्वरचा_शेतकरी
हे भांडण लावल्यासारखं वाटते ना भाऊ.

सावजी_मसाला_घरगुती
मी तर यावर थांबले असते. काका, माझ्या मसाल्याचं कव्हर मी बदललं, "घरच्या सावजीला ढाब्याची चव का येत नाही?" असंच ठेवलं. आता दुसरीवर काय लिहू? खरं कारण सांगितलं, की मसाला आधी कोरडा भाजून मग वाटायचा असतो, तर लोक माझं पाकीट न घेता घरीच करतील.

बर्डीकर
काही जण करतील. तुम्ही मसाला भाजता किती वेळ आणि कशावर?

सावजी_मसाला_घरगुती
लोखंडी कढईत, मंद आचेवर, एकेक जिन्नस वेगळा. सगळं मिळून अडीच तास जातात.

बर्डीकर
मग दुसऱ्या स्लाइडवर ते अडीच तास लिहा.